फराळाचा डबा, पन्नास सेकंदांत

दिवाळीच्या तोंडावर मिठाईच्या दुकानांचे जे छोटे व्हिडिओ मोबाइलवर येतात, त्यांचा थाट ठरलेला असतो. काजू कतलीवर वर्ख पडतो, ढोलताशा वाजतो, केशराची काडी संथपणे खाली येते आणि शेवटी 'शुभ दीपावली'. बघायला बरं वाटतं. पण दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या काकूंना त्यातून काहीच कळत नाही. वर्ख कसा दिसतो हे त्यांना माहीत आहे. त्यांना हवं असतं ते वेगळंच: चकली कधी तळली, वजनात खोका धरता का, आणि मी ऑफिसातून साडेनऊला परत येते तेव्हा माझा डबा तयार असेल का.

शेजारच्या गिऱ्हाइकासाठी पॅकिंगचा व्हिडिओ करायचा तो या तीन प्रश्नांची उत्तरं दाखवण्यासाठी. लिहिलेली पटकथा लागते तीही त्यासाठीच. कॅमेरा हातात घेऊन 'जरा पॅकिंग शूट करू' म्हटलं की हमखास रिबन बांधतानाचं दृश्य मिळतं, कारण ते सुंदर दिसतं. वजनकाटा मात्र राहून जातो.

उदाहरणासाठी एक दुकान धरून चालू. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. मालक स्वतः काउंटरवर बसतात, मागे भटारखाना, तिथे दोन आचारी आणि दिवाळीपुरत्या करंज्या करायला येणाऱ्या दोन बायका. त्यांना दीड किलोच्या फराळाच्या डब्याच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत: पातळ पोह्यांचा चिवडा अर्धा किलो, आणि चकली, शंकरपाळे, बेसन लाडू, करंजी प्रत्येकी पाव किलो. गिऱ्हाईक कोण, तर मुंबईला लोकलने जाऊन-येऊन करणारी माणसं. घरी एखादा पदार्थ करतीलही, बाकीचा विकत घेतील.

पटकथेची सुरुवात कागदावर नाही, भटारखान्यात होते. मालकांना दोनशे डब्यांची ऑर्डर हवी असेल तर पन्नास किलो चकली लागेल. एका कढईवर एक आचारी इतर कामं सांभाळून दिवसाला बारा किलो चकली काढतो असं धरलं, तर चार दिवस चकलीतच गेले. पाव किलोत करंज्या सात-आठ बसतात, म्हणजे दोनशे डब्यांना दीड हजार. दोन बायकांनी मिळून दिवसाला सहाशे केल्या तरी अडीच दिवस. चिवड्याची फारशी चिंता नाही, मोठ्या कढईत तो भराभर होतो. हा हिशेब मांडला की कळतं, वसुबारसेला रात्री ऑर्डर घेऊन धनत्रयोदशीला डबा देता येणार नाही. ऑर्डर निदान पाच दिवस आधी बंद करावी लागेल. व्हिडिओतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'ऑर्डर अमुक तारखेपर्यंत' हेच, आणि ते कढईवरून ठरतं. 'मर्यादित डबे, त्वरा करा' असलं काही लिहायची गरज नाही. आजूबाजूची माणसं रोज दुकानासमोरून जातात, मर्यादा खरी आहे की नाही हे त्यांना दिसतंच.

आता कोणतं पॅकिंग दाखवायचं ते. या डब्यात दोन लाकूडतोड्या कामं आहेत आणि तीन खरी. झाकण लावणं, पिशवीत ठेवणं ही पहिल्या प्रकारातली, त्यांच्यावर एक सेकंदही घालवू नये. खरी कामं म्हणजे वजन, गार करणं आणि रचना.

वजनापासून सुरू करू, कारण गिऱ्हाइकाच्या मनातला जुना सल तिथेच आहे. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका हलका वाटतो, पण छापील, जाड पुठ्ठ्याचा खोका साठ ग्रॅमचा सहज भरतो. काजू कतली हजार रुपये किलो असेल आणि खोक्यासकट तोलली, तर गिऱ्हाइकाने पुठ्ठ्याचे साठ रुपये दिले. कायद्यानुसार पैसे निव्वळ वजनाचे घ्यायचे असतात. वैधमापनशास्त्र विभागाच्या तपासणीत ही तक्रार नेहमीची. इलेक्ट्रॉनिक काट्यावर उपाय अगदी सोपा आहे: रिकामा खोका ठेवायचा, 'टेअर'चं बटण दाबायचं, आकडा शून्यावर आला की माल भरायचा. बरेच दुकानदार हे करतातच, फक्त काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. म्हणून व्हिडिओचं पहिलं दृश्य तेच. काट्यावर रिकामा खोका, आकडा पंचेचाळीस, बोट बटणावर, आकडा शून्य. चार सेकंद. कुठलंही संगीत या चार सेकंदांइतकं काम करणार नाही.

दुसरं, गार करणं. चकली, चिवडा, शंकरपाळे कुरकुरीत राहतात ते त्यांत पाणी जवळजवळ उरत नाही म्हणून. कोमट माल पिशवीत भरून तोंड सील केलं की आतली वाफ पिशवीच्या आतल्या अंगाला धरते, थंड झाली की तिचंच पाणी होतं आणि चकली ते पिते. दुसऱ्या दिवशी ती वातड. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या आसपासची हवा पुरती कोरडी झालेली नसते, त्यामुळे उघड्यावर फार वेळ ठेवूनही चालत नाही. माल पसरट ताटांत पूर्ण गार करायचा आणि गार झाल्याबरोबर भरायचा, हा त्यातला मधला रस्ता. ओळखायची खूण अशी: सील केलेल्या पिशवीवर दहा मिनिटांनी आतून धुरकट पडदा दिसला, तर माल गरम होता. ही खूण कॅमेऱ्यासमोर छान दिसते. स्वच्छ, पारदर्शक पिशवी उजेडाकडे धरायची, आत चकलीचे काटे वेगवेगळे दिसतात. गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातली पिशवीही तशीच उजेडात धरून बघेल, आणि त्यात आपल्या दुकानाचा तोटा नाही.

तिसरी रचना. बेसन लाडू तूप सोडतो, म्हणून त्याच्या खोक्यात खाली बटर पेपर हवाच, नाहीतर पुठ्ठ्यावर तेलकट चट्टा उमटतो आणि माल शिळा नसताना शिळा वाटतो. चिवड्याला लसूण, हिंग, कढीपत्त्याचा वास. तो लाडवाशेजारी उघडा ठेवला तर लाडू त्या वासाचा होतो. म्हणून तिखट माल सील केलेल्या पिशव्यांत, गोड माल आपापल्या खोक्यांत. करंजीची कडा सगळ्यात नाजूक, ती वेगळ्या ताठ खोक्यात आणि सगळ्यांच्या वर. तळाशी लाडू, त्यावर शंकरपाळे, मग चिवडा आणि चकली, शेवटी करंजी. हे मालकांना पाठच असतं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. गर्दीच्या लोकलमधून भावाकडे डबा नेणाऱ्या बाईला मात्र 'करंजी वर का' हे ऐकायला आवडतं.

आणि न दाखवायची एक गोष्ट: पेढे, बर्फी. खव्याचा माल चार दिवसांच्या आत संपवायचा असतो, फराळ त्याहून बराच टिकतो. दोन्ही एकाच डब्यात आधीपासून भरून ठेवले तर सगळ्या डब्याची मुदत पेढ्याची होते. दुकानात पेढे विकायचे असतील तर व्हिडिओत एवढंच म्हणावं की ते घ्यायच्या दिवशी समोर भरून मिळतील.

आता प्रत्यक्ष पटकथा. मराठी सावकाश, समजेल अशी बोलली तर मिनिटाला सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पन्नास सेकंदांना शंभर शब्द. यापेक्षा जास्त लिहिलं तर मालक धावत बोलतात आणि तारीखच गिळतात.

पहिलं दृश्य, चार-पाच सेकंद. काट्यावर रिकामा खोका, बटण, शून्य. आवाज: 'रिकामा खोका पंचेचाळीस ग्रॅम. तो आधी वजा. पैसे फक्त लाडवांचे.'

दुसरं, आठ सेकंद. बटर पेपरवर लाडू मांडले जातात, काटा दोनशे पन्नासच्या जरा पुढे जाऊन थांबतो. आवाज: 'बेसन लाडू, काल वळलेले. खाली बटर पेपर, म्हणजे तूप खोक्याला लागत नाही.'

तिसरं, दहा सेकंद. ताटात पसरलेली चकली, मग पिशवी, सील करण्याचं मशीन, पिशवी उजेडाकडे. आवाज: 'चकली सकाळी तळली, पूर्ण गार झाल्यावरच भरतो. पिशवीत वाफ दिसतेय का बघा. नाही ना? मग मऊ पडणार नाही.'

चौथं, सात सेकंद. डबा रचणारे हात. आवाज: 'लाडू तळाला, करंजी सगळ्यात वर. लोकलमधून नेलीत तरी कडा मोडू नये म्हणून.'

पाचवं, पाच सेकंद. लेबल जवळून. आवाज: 'बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, निव्वळ वजन. सगळं इथे.'

सहावं, पंधरा सेकंद. मालक काउंटरवर, मागे दुकानाची पाटी. पडद्यावर ठळक अक्षरांत तारखा, वेळ, किंमत. आवाज: 'दीड किलोचा डबा. ऑर्डर वसुबारसेच्या पाच दिवस आधीपर्यंत, दुकानात येऊन किंवा फोनवर. डबे धनत्रयोदशीपासून, रात्री साडेदहापर्यंत. स्टेशनवरून घरी जाता जाता घेऊन जा. नरकचतुर्दशीला मात्र सकाळी दहानंतर या.'

शेवटच्या वाक्याचं कारण डोंबिवलीकरांना सांगायला नको. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर गणेश मंदिराच्या परिसरात नटूनथटून आलेल्या तरुणाईची एवढी गर्दी असते की आसपासच्या रस्त्यांवरून पिशवी सांभाळत जाणं मुश्कील. असं एखादं वाक्य पटकथेत असलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे आपल्याच गावातलं दुकान आहे, आपल्याशी बोलतंय. दुसऱ्या शहरात त्याची जागा आठवडी बाजार घेईल, नाहीतर एकेरी झालेला रस्ता. 'आमची कुठेही शाखा नाही' ही पाटी वाचवणाऱ्या वाक्यापेक्षा हे बरं.

आवाजात तिथी आहे, तर पडद्यावर इंग्रजी महिन्याची तारीख आणि वार हवा. वसुबारस नेमकी कधी हे कॅलेंडर बघितल्याशिवाय आज बऱ्याच जणांना सांगता येत नाही. आणि तारखेबरोबर सालही लिहावं. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ मरत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पुढच्या दिवाळीत तो पुन्हा टाकतं, आणि गेल्या वर्षीच्या भावात डबा मागायला माणसं येतात. साल ठळक असेल तर काउंटरवरचा तो वाद टळतो.

लेबलचं दृश्य सजावटीचं समजू नये. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाचं पाकीट भरून ठेवलं की ती कायद्याच्या भाषेत आवेष्टित वस्तू होते, आणि त्यावर दुकानाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण, अन्न सुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक अशी माहिती लागते. ट्रेमधल्या सुट्ट्या मिठाईसमोर 'कधीपर्यंत खाणे योग्य' ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. दुकानात ही पाटी नसेल आणि व्हिडिओत मालक ताजेपणाबद्दल बोलत असतील, तर विसंगती पहिल्यांदा त्यांच्याच नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिसेल.

चित्रीकरणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, फोन पुरतो. तो उभा धरायचा. काटा दाराजवळ, दिवसाच्या उजेडात आणायचा. आवाज मात्र जागेवर रेकॉर्ड करू नये. भटारखान्यात एक्झॉस्ट पंखा, बाहेर रिक्षांचे हॉर्न. मालक ओरडून बोलतात आणि ते ओरडणं रागासारखं ऐकू येतं. दुकान बंद झाल्यावर, पोती रचलेल्या कोठीत शांतपणे बोलून घ्यावं आणि नंतर दृश्यांवर बसवावं. खाली मराठी ओळी द्याव्याच, कारण लोकलमध्ये उभं राहून बघणारा माणूस आवाज बंद ठेवूनच बघतो.

मी असल्या व्हिडिओंचा कच्चा तुकडा बघतो तेव्हा मिठाईकडे शेवटी बघतो. आधी कडांना काय आलंय ते. डब्याजवळ पडलेलं वर्तमानपत्र येतं. तळलेला माल वर्तमानपत्रावर ठेवायला बंदी आहे, आणि तो तिथे फक्त फोनच्या सोयीसाठी असला तरी बघणाऱ्याला ते कसं कळणार? मागच्या ओट्यावर ओलं फडकं येतं. हातमोजा घातलेला हात लाडू उचलतो आणि त्याच हाताने पुढच्या दृश्यात नोटा मोजतो, हे तर नेहमीचं. आणि हटकून येते ती ऑर्डरीच्या चिठ्ठ्यांची रांग, प्रत्येकीवर नाव, इमारत, फ्लॅट, मोबाइल नंबर. ज्या काकूंनी विश्वासाने नंबर दिला त्यांचा नंबर अख्ख्या पूर्वेला कळावा असं त्यांनी म्हटलेलं नसतं. चित्रीकरणासाठी कोरी चिठ्ठी लावावी, नाव 'नमुना'.

एक मोह मालकांना फार होतो. चुलतभावाच्या मुलाने सांगितलेलं असतं की अमक्या दुकानाच्या व्हिडिओला लाखभर लोकांनी बघितलं. ते लाखभर नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले असतील, तर त्यांतले किती जण रात्री साडेदहाच्या आत काउंटरवर पोचणार? या व्हिडिओची जागा म्हणजे मालकांचं व्हॉट्सॲप स्टेटस, आसपासच्या सोसायट्यांचे ग्रुप आणि दुकानाच्या दारातला छोटा पडदा असेल तर तो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवायचा असेल तर लक्षात ठेवायचं की ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. म्हणून तयारी गणपतीपासून, मोदकांच्या ऑर्डरी घेतानाच: 'ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, दिवाळीचं यादीत कळवू.' आणि नको म्हणणाऱ्याला पाठवू नये. एकदा वैतागून ब्लॉक केलेलं दुकान परत उघडलं जात नाही.

व्हिडिओ लागू पडला की नाही हे कसं कळणार? ऑर्डरवहीत एक बारीक रकाना आखायचा आणि ऑर्डर देणाऱ्याला विचारायचं, 'कुठून कळलं?' उत्तर 'तुमचा व्हिडिओ बघितला' असेल तर खूण. त्याहून चांगली खूण माणसांच्या प्रश्नांत दिसते. आधी विचारत, 'ताजं आहे ना?' ज्याने बघितलंय तो विचारतो, 'चकलीशिवाय डबा मिळेल का, घरी केलीय.' पहिला प्रश्न संशयाचा, दुसरा सौद्याचा. पहिलेच प्रश्न येत राहिले तर समजायचं की वजन आणि तारीख नीट दिसली नाही, आणि पहिली चार सेकंदं पुन्हा चित्रित करायची. चकली वगळून डबा हवा असणारे दहा-बारा निघाले तर पटकथा नाही, डबाच बदलायचा: पदार्थ निवडायची सोय ठेवायची, आणि किंमत प्रत्येक पाव किलोमागे लिहायची.

ऑर्डर बंद झाल्याच्या रात्री मोठा व्हिडिओ स्टेटसवरून काढून टाकावा. त्याच्या जागी पंधरा सेकंदांचा दुसरा, आधीच चित्रित करून ठेवलेला: मालक काउंटरवर, बाजूला सुट्ट्या चिवड्याचं पिंप. 'डब्यांच्या ऑर्डरी बंद झाल्या. सुटा चिवडा आणि शंकरपाळे भाऊबीजेपर्यंत रोज मिळतील, चकली संपेपर्यंत. पेढे सकाळी अकरानंतर.' याला पटकथा लागत नाही, फक्त रोज सकाळी चकली किती उरली आहे ते बघून तेवढं एक वाक्य बदलावं लागतं.